‘एकच ग्राफिक्स’ असूनही गेन्शिन का अडखळेल?

प्रश्न : मुलाची दहावी संपली आणि त्याला ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ हवाय. फोन माझाच आहे. खोक्यावर लिहिलंय: ऑक्टाकोर हेलिओ जी८५, रॅम ८ जीबी (४ + ४), स्टोरेज १२८ जीबी, एचडी प्लस स्क्रीन, अँड्रॉइड १२. आत्ता रिकामी जागा ३१ जीबी. त्याने कुठून तरी खेळाची यादी आणली, त्यात ‘स्नॅपड्रॅगन ८४५, किरिन ८१० किंवा त्याहून सरस, रॅम ४ जीबी किंवा जास्त’ असं आहे. त्याचं म्हणणं, किरिन ८१० मध्ये जे ग्राफिक्स आहे तेच आपल्या फोनात आहे, माली-जी५२, म्हणजे चालणारच. प्ले स्टोअरवर ‘इन्स्टॉल’चं बटणही दिसतं. आमचं नेट रोज २ जीबी. एवढं मोठं डाऊनलोड करू की नको?

— एक आई, अकोला

उत्तर :

ताई, या फोनवर करू नका. खेळ उघडणारच नाही असं मी म्हणत नाही, बहुधा उघडेल. पण तो ज्या गतीने चालेल त्या गतीने खेळायला मुलालाच कंटाळा येईल, आणि तोवर तुमचं दोन आठवड्यांचं नेट आणि फोनातली सगळी मोकळी जागा गेलेली असेल.

मुलाचं मात्र कौतुक आहे. बहुतेक लोक रॅमचा आकडा बघतात आणि बटण दाबतात. त्याने चिपच्या आत डोकावून ग्राफिक्सचं नाव जुळवलं, आणि अशी यादी वाचायची सुरुवात तिथूनच करायला हवी. फक्त तो एक पायरी आधी थांबला. त्याला शेजारी बसवून पुढचं वाचा.

‘माली-जी५२’ हे एका घडणीचं नाव आहे. ती घडण आर्म नावाची कंपनी तयार करते आणि चिप बनवणाऱ्यांना वापरायला देते. त्या घडणीचे किती गाभे, म्हणजे कोअर, आपल्या चिपमध्ये बसवायचे हे चिप बनवणारा ठरवतो. किरिन ८१० मध्ये असे सहा कोअर आहेत. हेलिओ जी८५ मध्ये दोन. चिपच्या तपशिलात हे नावाच्या शेवटी लिहिलेलं असतं: किरिनपुढे एमपी६, तुमच्या चिपपुढे एमसी२. एमपी आणि एमसी या अक्षरांतला फरक सोडून द्या, दोन्हींचा अर्थ ‘इतके कोअर’ एवढाच. बघायचा तो शेवटचा आकडा. फोनची माहिती दाखवणारी काही ॲप्स तो आकडा गाळतात आणि नुसतं ‘Mali-G52’ दाखवतात. मुलाने बहुधा तेच पाहिलं असणार.

आता हिशेब करू. किरिनचे सहा कोअर जास्तीत जास्त ८२० मेगाहर्ट्झने चालतात. तुमचे दोन १००० मेगाहर्ट्झने चालतात, म्हणजे एकेक कोअर थोडा चपळच आहे. पण गुणाकार केला की सहा गुणिले ८२० म्हणजे ४९२०, आणि दोन गुणिले १००० म्हणजे २०००. घडण एकच असल्यामुळे हा ढोबळ हिशेब इथे चालतो. तुमच्या फोनची ग्राफिक्सची ताकद त्या यादीतल्या चिपच्या साधारण चाळीस टक्के भरते. माली-जी५२ आणि माली-जी७६ अशा दोन वेगळ्या घडणी असत्या, किंवा एकीकडे माली आणि दुसरीकडे स्नॅपड्रॅगनमधलं ॲड्रिनो असतं, तर असा गुणाकार करता आला नसता; तिथे चाचणीचे आकडेच बघावे लागतात. त्याकडे पुढे येते.

चिप नवी आहे की जुनी, हेही इथे फसवतं. किरिन ८१० आली २०१९ मध्ये, हेलिओ जी८५ आली २०२० मध्ये. म्हणजे नंतर आलेली चिप अशक्त आहे. कारण ती मुळात स्वस्त फोनसाठी काढली होती. किरिन ७ नॅनोमीटरच्या पद्धतीने बनलेली, तुमची १२ नॅनोमीटरच्या. हा आकडा जितका लहान तितकं तेच काम कमी विजेत आणि कमी तापून होतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. यादीतलं दुसरं नाव, स्नॅपड्रॅगन ८४५, तर डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर झालेलं. पण ते त्या वेळच्या सगळ्यात महागड्या फोनांसाठी होतं, त्यामुळे नंतरच्या कित्येक स्वस्त चिपांना ते ग्राफिक्समध्ये अजूनही मागे टाकतं. उदाहरण म्हणून स्नॅपड्रॅगन ७३२जी घ्या. ती २०२० ची, पण तिच्यातलं ॲड्रिनो ६१८ हे ८४५ मधल्या ॲड्रिनो ६३० च्या बरंच खाली आहे. या जुन्या नावांत पहिला आकडा दर्जा सांगतो आणि पुढचे आकडे त्या दर्जातली पिढी. ‘किंवा त्याहून सरस’ हे शब्द वाचताना वर्ष बघून सरस ठरवायचं नसतं.

आणि ‘ऑक्टाकोर’? तो शब्द मुख्य प्रोसेसरच्या आठ कोअरबद्दल आहे, ग्राफिक्सच्या नव्हे, म्हणून या प्रश्नापुरता विसरून जा. तुमची चिप ऑक्टाकोर आहे, किरिन ८१० ऑक्टाकोर आहे, स्नॅपड्रॅगन ८४५ पण ऑक्टाकोरच आहे. ज्या शब्दाने तिघांत काहीच फरक पडत नाही त्याच्यावर काय ठरवणार?

ग्राफिक्सवर एवढा भर का, तेही सांगते. गेन्शिन हा मोकळ्या जगाचा खेळ आहे. डोंगर, गवत, पाणी, सावल्या असं दिसेल तिथपर्यंतचं सगळं फोनला सतत नव्याने रंगवावं लागतं. तुमची स्क्रीन एचडी प्लस आहे, म्हणजे साधारण ७२० गुणिले १६०० ठिपके, एकूण साडेअकरा लाख. खेळ सेकंदाला ३० चित्रं दाखवतो असं धरलं तर सेकंदाला जवळजवळ साडेतीन कोटी ठिपक्यांचे रंग ठरवायचे. एका चित्रासाठी हाताशी वेळ ३३ मिलिसेकंद. ग्राफिक्सला त्याच चित्रासाठी ४५ मिलिसेकंद लागले, तर तीसऐवजी बावीसच चित्रं दिसतात, आणि मुलं ज्याला ‘लॅग’ म्हणतात तो सुरू होतो. मोकळ्या माळावर फिरताना हे कदाचित फारसं जाणवणार नाही. शहरात शिरल्यावर, किंवा चारपाच शत्रू एकदम अंगावर येऊन सगळीकडे ठिणग्या उडू लागल्या की जाणवेल. दुर्दैवाने बटण वेळेवर दाबायचं असतं ते तेव्हाच.

यात एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. दुकानात जी उणी म्हणून सांगतात ती एचडी प्लस स्क्रीन इथे उपयोगी पडते. फुल एचडी प्लस स्क्रीन असती तर ठिपके झाले असते जवळजवळ सव्वीस लाख, दुपटीहून जास्त, आणि हेच दोन कोअर तेवढं ओझं ओढत बसले असते. म्हणून चाळीस टक्के ताकद म्हणजे नेमकी चाळीस टक्के गती, असं सरळ होत नाही. थोडी भरपाई मिळते. खेळातही चित्र किती ठिपक्यांत रंगवायचं ते कमी करायची सोय आहे. तरी ती सगळी खाली आणूनसुद्धा गर्दीच्या जागी तीस चित्रं टिकतील, अशी आशा या चिपकडून मी ठेवणार नाही.

आता मुलाने आणलेल्या यादीबद्दल. ती त्याने ‘कुठून तरी’ आणली, असं तुम्ही लिहिलंय. त्यातले शब्द खेळ सप्टेंबर २०२० मध्ये आला तेव्हाच्या यादीशी जुळतात. त्या यादीचे दोन भाग होते. एक कमीत कमी लागणाऱ्या गोष्टींचा: ६४-बिट फोन, ३ जीबी रॅम, अँड्रॉइड ७. दुसरा शिफारशीचा, ज्यात या दोन चिपांची नावं, ४ जीबी रॅम आणि अँड्रॉइड ८.१ होतं. पहिल्या भागाचा अर्थ ‘खेळ सुरू होईल’ इतकाच. किती नीट चालेल याबद्दल तो भाग काहीच बोलत नाही. खेळण्याजोगा चालेल की नाही हे दुसऱ्या भागावरून बघायचं. तुमचा फोन पहिल्यात आरामात बसतो आणि दुसऱ्यात चिपपाशी अडतो. शिवाय त्या यादीत जागा मागितली होती ८ जीबी. दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येत गेली, नवे प्रदेश जोडले गेले, आणि आज फोनवर हा खेळ २० जीबीच्या पलीकडे गेलाय. जगच मोठं झालं तर बाकीची मागणी जुनी कशी राहील? म्हणून कुठल्याही मोठ्या खेळाची यादी बनवणाऱ्यांच्या अधिकृत साइटवरच वाचायची आणि पानावर तारीख किंवा आवृत्ती दिली आहे का ते बघायचं. तुमच्या बाबतीत मात्र जुनी, म्हणजे सौम्य, यादी धरूनही उत्तर ‘नको’च येतं.

प्ले स्टोअरच्या बटणाचंही तसंच. हे बटण ठरावीक गोष्टी तपासून दिसतं: अँड्रॉइडची आवृत्ती, ६४-बिट की ३२-बिट, आणि खेळ बनवणाऱ्यांनी हा फोन किंवा ही चिप मुद्दाम वगळली आहे का. वगळलेली नसेल तर बटण दिसतं. खेळ सुरळीत चालवून बघून कोणी ते बटण लावलेलं नसतं. आणखी एक गंमत म्हणजे स्टोअरवर दिसणारा आकार खेळाच्या खऱ्या आकाराचा लहानसा तुकडा असतो. स्टोअरमधून येतं ते फक्त आत शिरायचं दार. खरा ऐवज पहिल्यांदा खेळ उघडल्यावर त्याच्या स्वतःच्या सर्व्हरवरून उतरायला लागतो. ‘एवढंसंच तर आहे’ म्हणून मोबाइल नेटवर सुरुवात करणारे बरेच जण तिथे सापडतात.

रॅमकडे वळू. खोक्यावरच्या ८ मधले खरे फक्त चार. कंसातले दुसरे ४ म्हणजे तुमच्या १२८ जीबी स्टोरेजमधून कापून रॅमच्या नावावर दाखवलेली जागा. एखादं ॲप बराच वेळ वापरलं नाही की फोन त्याचा मजकूर त्या जागेत नेऊन ठेवतो आणि हवा तेव्हा परत आणतो. व्हॉट्सॲप, बँकेचं ॲप अशांसाठी हे ठीक आहे. पण तुमच्या चिपबरोबर येणारं स्टोरेज ईएमएमसी ५.१ जातीचं असतं आणि ते खऱ्या रॅमच्या कित्येक पटींनी मंद असतं. समोर धावत असलेल्या खेळाला दर ३३ मिलिसेकंदांनी लागणारं सामान तिकडून आणत बसणं परवडत नाही. त्यामुळे खेळाच्या यादीशी जुळवताना फोनची रॅम ४ जीबीच धरायची.

ते चार तरी पूर्ण मिळतात का? नाही. अँड्रॉइड आणि फोन कंपनीच्या स्वतःच्या सेवा मिळून त्यातला मोठा वाटा, अनेकदा निम्म्याच्या आसपास, आधीच धरून बसलेल्या असतात. आणि संगणकाच्या ग्राफिक्स कार्डवर जशी वेगळी मेमरी असते तशी फोनात नसते. डोंगरांचे, कपड्यांचे, चेहऱ्यांचे पोत असं सगळं याच उरलेल्या रॅममध्ये मावावं लागतं. कमी पडलं की अँड्रॉइड आधी मागची ॲप्स बंद करतं. तेवढ्यानेही भागलं नाही तर समोरचा खेळच बंद पडतो. काही सूचना येत नाही, फोन सरळ होम स्क्रीनवर येतो. नव्या प्रदेशात शिरताना किंवा नकाशावरून लांब उडी मारताना खेळ असा गायब होत असेल तर रॅम अपुरी पडतेय असं समजायचं. खेळ चालू राहतो पण चित्र अडखळतं, ते ग्राफिक्सचं दुखणं. दोन्हींची लक्षणं वेगळी आहेत. मुलाला हे ओळखता आलं तर पुढच्या खेळाच्या वेळी तो स्वतःच ठरवेल.

जाता जाता, ही वाढीव रॅम बहुतेक फोनांत सेटिंग्जमधून बंद करता येते आणि तिने अडवलेली जागा मोकळी होते. खेळ घेतला नाही तरी तुमच्यासारख्या जागेची टंचाई असलेल्या फोनात तो सेटिंग एकदा बघून ठेवा.

जागेचं गणित तुमच्याच आकड्यांनी मांडते. खेळ २५ जीबी धरू. ३१ मधून २५ गेले की उरतात ६. आता डाऊनलोड होताना काय होतं ते बघा. फाइली दाबून बांधलेल्या स्वरूपात येतात आणि मग फोनात उलगडल्या जातात. उलगडताना बांधलेली आणि उलगडलेली अशा दोन्ही प्रती काही काळ एकत्र राहू शकतात, म्हणून अखेरच्या आकारापेक्षा जास्त जागा मध्येच लागते. तुमच्याकडे ती मध्येच संपली तर डाऊनलोड अडकतं आणि खर्च झालेलं नेट गेलं ते गेलंच. समजा निभावलं, तरी उरलेल्या ६ जीबींत पुढचं अपडेट, तुमचे फोटो आणि व्हॉट्सॲपवर रोज येणारे व्हिडिओ सगळ्यांनी राहायचं. स्टोरेज असं काठोकाठ भरलं की त्याचा लिहिण्याचा वेग पडतो आणि साधा कॅमेरा उघडायलाही वेळ लागतो. मी १२८ जीबीच्या फोनात पंधराएक जीबी कायम मोकळे ठेवायला सांगते. त्या हिशेबाने २५ जीबीच्या खेळासाठी आज तुमच्याकडे ४० च्या पुढे रिकामे हवे होते. मेमरी कार्ड घालून हे सुटेल असं वाटत असेल, तर बहुतेक मोठे खेळ आपला मुख्य ऐवज कार्डावर ठेवूच देत नाहीत. दिला तरी कार्ड आणखी मंद.

नेटचं तर सोपं आहे. रोजचे पूर्ण २ जीबी एकट्या खेळाला दिले तरी साडेबारा दिवस. या दिवसांत तुम्ही दुसरं काहीच बघायचं नाही. दिवसाचा कोटा संपल्यावर बहुतेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो, आणि त्या वेगाने एक जीबी उतरायला सुमारे ३५ तास लागतात, म्हणजे ‘रात्रभर चालू ठेवू, होईल हळूहळू’ हा बेत बाद. ‘अमर्याद ५जी’च्या ज्या जाहिराती दिसतात त्याही तुमच्या कामाच्या नाहीत, कारण हेलिओ जी८५ ही ४जीची चिप आहे. शिवाय असा ऐवज उतरत असताना खेळ समोर उघडा ठेवावा लागतो, मागे ढकलला की डाऊनलोड थांबू शकतं. म्हणजे तासन्‌तास चार्जिंगला लावलेला, स्क्रीन चालू असलेला फोन, आणि तोही अकोल्याच्या मे महिन्यात.

तापण्याबद्दल इथेच सांगून टाकते, कारण ते कुठल्याच यादीत लिहिलेलं नसतं. चिपच्या तपशिलातले मेगाहर्ट्झ हे थंड फोनाचे आकडे. चिप तापली की फोन स्वतःला सांभाळायला तिची गती कमी करतो. म्हणून पहिली दहा मिनिटं खेळ बरा चालतो, मग अडखळायला लागतो, आणि कधी कधी स्क्रीनचा उजेडही आपोआप मंदावतो. तुमच्याकडे बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश असताना कूलर नसलेल्या खोलीत हे आणखी लवकर होणार. चार्जिंगला लावून खेळला तर त्याहून लवकर.

‘पण आई, मित्राच्या फोनवर चालतं!’ हे ऐकायला मिळणारच. त्यासाठी २५ जीबी उतरवायची गरज नाही, काहीशे एमबींत काम होईल असे दोन उपाय आहेत.

पहिला, ‘सीपीयू-झेड’ हे लहानसं मोफत ॲप. त्यातल्या ‘SOC’ पानावर चिपचं आणि ग्राफिक्सचं नाव दिसतं, ‘Device’ पानावर खरी रॅम आणि रिकामी जागा, आणि ‘System’ पानावर ‘Kernel Architecture’ अशी एक ओळ. तिथे `aarch64` असेल तर फोन ६४-बिट चालतोय. चिप ६४-बिट असूनही काही स्वस्त फोनांत अँड्रॉइड ३२-बिट घातलेलं असतं, म्हणून ही ओळ बघायची. मित्राच्या फोनवरही हेच ॲप उघडा. रॅम दोघांची सारखी निघाली तरी चिप वेगळी निघेल असा माझा अंदाज आहे, आणि तिथेच तो वाद मिटेल.

दुसरा, ‘थ्रीडीमार्क’. हे ग्राफिक्सची परीक्षा घेणारं ॲप आहे. त्यात ‘वाइल्ड लाइफ’ नावाची चाचणी आहे आणि तिचाच ‘स्ट्रेस टेस्ट’ हा लांब प्रकार. एक मिनिटाचं तेच दृश्य वीस वेळा, म्हणजे वीस मिनिटं, फोनकडून रंगवून घेतलं जातं. पहिल्या फेरीतले गुण म्हणजे थंड फोनाची ताकद, आणि शेवटच्या फेऱ्यांतले म्हणजे तापल्यावर उरलेली. दोन्ही टिपून घ्या. मग त्याच ॲपमधल्या फोनांच्या यादीत स्नॅपड्रॅगन ८४५ असलेला एखादा फोन शोधून त्याच चाचणीचे त्याचे सरासरी गुण बघा. चाचणीचं नाव नेमकं तेच असलं पाहिजे. ‘वाइल्ड लाइफ’ आणि ‘वाइल्ड लाइफ एक्स्ट्रीम’ यांचे गुण एकमेकांशी जुळवायचे नाहीत. माली आणि ॲड्रिनो अशी दोन वेगळ्या घडणींची तुलना म्हणाले होते ती अशी करायची. मुलाला ही चाचणी स्वतः लावू द्या, दुपारी बाराला लावली तर उत्तमच.

यूट्यूबवर तुमच्याच चिपचं नाव आणि खेळाचं नाव टाकून व्हिडिओही सापडतील. ते बघा, पण थोडं संशयाने. व्हिडिओ जुना असेल तर खेळ तेव्हा लहान होता. तीन मिनिटांचा असेल तर फोन तापायच्या आधीचा आहे. कोपऱ्यात एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचा, आकडा दिसत नसेल किंवा फोनमागे पंखा लावलेला दिसत असेल, तर पुढचा व्हिडिओ लावा.

एवढं सगळं पाहूनही मुलगा हट्टाला पेटला, आणि तुम्ही सुट्टी आहे म्हणून परवानगी दिलीत, तर निदान आधी पंधरा-वीस जीबी मोकळे करा आणि डाऊनलोड कोणाकडच्या तरी ब्रॉडबँडवर उरका. आवाज चिनी, जपानी, कोरियन आणि इंग्रजी अशा चार भाषांत मिळतो, त्यातला एकच पॅक घ्यायचा. सेटिंग्जमध्ये ग्राफिक्स सगळ्यात खालच्या पायरीवर आणि एफपीएस ३० वर. साठ निवडायचा मोह होतो, पण तीसही न गाठणाऱ्या चिपला साठ सांगून ती फक्त जास्त तापते. झालेल्या कथाभागांच्या फाइली खेळातल्याच सेटिंग्जमधून काढता येतात, त्या वेळोवेळी काढायच्या. खेळाचं खातं मात्र त्याच्या स्वतःच्या ईमेलला जोडून ठेवायला सांगा. उद्या दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर तेच खातं उघडता येतं आणि केलेली प्रगती वाया जात नाही.

अकरावीला नवा फोन घ्यायचं घरात चाललं असेल, तर दुकानात ‘गेमिंगचा दाखवा’ म्हणू नका. चिपचं पूर्ण नाव विचारा आणि ग्राफिक्सच्या नावामागचा कोअरचा आकडा तिथल्या तिथे शोधून बघा. स्वस्त ५जी फोनांत डायमेन्सिटी ७००, ६०२०, ६०८० अशी नावं भेटतील. या तिन्हींत ग्राफिक्स माली-जी५७ एमसी२ आहे, म्हणजे घडण नवी पण कोअर पुन्हा दोनच, आणि स्नॅपड्रॅगन ८४५ च्या खालीच. फोनवर ५जी लिहिलंय म्हणून खेळ धावेल असं नाही. रॅम विचारताना ‘अधिक’च्या आधीचा आकडा घ्यायचा, तो किमान ८ असावा. स्टोरेज यूएफएस आहे की त्याहून मंद ईएमएमसी, हेही विचारा. विक्रेत्याला सांगता आलं नाही तर कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या पानावर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. पैसे द्यायच्या आधी ते पान उघडून मुलाच्या हातात द्या, बाकीचं तो बघेल.